खताचे पैसे, घराचे पैसे आणि हुंड्याचा कायदा

सप्टेंबर १९९१. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात लग्नाला जेमतेम अडीच वर्षे झालेली एक तरुणी कीटकनाशकाने दगावली. माहेरच्यांनी फिर्याद दिली. जबाबात त्यांचे म्हणणे साधे होते. लेक माहेरी आली की सांगायची, सासरचे पैसे आणायला सांगतात, नाही आणले की मारहाण करतात. रक्कम मोठी नव्हती, हजार-बाराशे रुपयांची होती. हे पैसे घरखर्चासाठी आणि शेतात घालायच्या खतासाठी हवे होते.

सत्र न्यायालयाने नवऱ्याला आणि सासूला हुंडाबळीच्या कलमाखाली दोषी धरून सात वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती कायम केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि जानेवारी २००७ मध्ये दोघेही सुटले. मारहाण झाली नाही किंवा मुलीने विष घेतले नाही, असे काही न्यायालयाने म्हटले नव्हते. अडचणीच्या वेळी घरखर्चासाठी किंवा खतासाठी मागितलेले पैसे म्हणजे हुंडा नव्हे, एवढाच त्या निकालाचा गाभा होता. हुंडाच नाही, म्हणून हुंडाबळीही नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल ‘अप्पासाहेब विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आहे, आणि पुढची आठ वर्षे देशभरातले बचाव पक्षाचे वकील तो दाखवत राहिले.

हुंड्याच्या कायद्यावर वाद सुरू झाला की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, या कायद्याचा सर्रास गैरवापर होतो, म्हातारे आईवडीलसुद्धा तुरुंगात जातात. दुसरा म्हणतो, रोज मुली मरतात आणि शिक्षा कोणालाच होत नाही. दोघांच्या हातात बहुतेक वेळा एकच आकडा असतो, तो म्हणजे शिक्षा होण्याचे तुटपुंजे प्रमाण. त्या आकड्याचा खरा अर्थ लावायचा तर आधी कायदा काय गृहीत धरतो आणि काय सिद्ध करायला सांगतो, हे नीट पाहावे लागते. खताच्या प्रकरणात सगळा खेळ तिथेच झाला.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. त्याने हुंडा देणे, घेणे, मागणे सगळेच गुन्हा ठरवले. पण मुलगी मेली तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. मृत्यू झाला की पोलिसांना एक तर खून सिद्ध करायचा किंवा आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे दाखवायचे, आणि दोन्ही गोष्टी घराच्या चार भिंतींआड घडलेल्या. साक्षीदार कोण, तर सासरचेच लोक.

पुण्यातल्या मंजुश्री सारडा प्रकरणाने ही अडचण महाराष्ट्राला फार जवळून दाखवली. लग्न फेब्रुवारी १९८२ मधले, मृत्यू त्याच वर्षीच्या जूनमधला, आणि तोही सायनाइडने. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयापुढे होती, त्यांतून तिची मनःस्थिती दिसत होती, आणि तिने स्वतःच जीव दिला असण्याची शक्यता पुराव्याने पुरती खोडली गेली नव्हती. केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर साखळी कशी अतूट हवी, याचे पाच निकष त्या निकालाने घालून दिले. आजही देशातल्या बहुतेक खून खटल्यांत ते उद्धृत होतात. फौजदारी न्यायाच्या दृष्टीने तो निकाल भक्कम आहे. पण लग्नानंतर चार महिन्यांत एक मुलगी विषाने मरते आणि कायद्याला कोणाकडेच बोट दाखवता येत नाही, हेही त्यातूनच समोर आले.

दिल्लीतही १९७९ पासून सत्यराणी चढ्ढा यांच्यासारख्या, लेक गमावलेल्या आया रस्त्यावर उतरल्या होत्या. या सगळ्या रेट्यातून दोन टप्प्यांत कायदा बदलला. डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. त्यात पतीने किंवा त्याच्या नातलगांनी केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली गेली. नोव्हेंबर १९८६ मध्ये ३०४-ब आले, म्हणजे हुंडाबळी. त्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे ८५-८६ आणि ८० झाली आहेत. आकडे बदलले तरी मजकूर जवळजवळ तोच आहे. गावोगावी मात्र अजूनही ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावला’ असेच म्हणतात.

१९८६ च्या बदलाची खरी ताकद पुरावा कायद्यात टाकलेल्या कलमात आहे. तेव्हाचे ११३-ब, आताचे भारतीय साक्ष अधिनियमातले ११८. ते सांगते की ठरावीक गोष्टी सिद्ध झाल्या की हा मृत्यू आरोपीनेच घडवला असे न्यायालयाने गृहीत धरलेच पाहिजे. मग ते चूक आहे हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. आपल्या फौजदारी कायद्यात असे क्वचितच घडते. एरवी आरोपीने तोंड उघडले नाही तरी चालते, सगळे ओझे सरकार पक्षावर असते.

पण हे गृहीतक आपोआप लागत नाही. त्याआधी सरकार पक्षाला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. मृत्यू भाजून, शारीरिक इजेने किंवा अनैसर्गिकरीत्या झाला. तो लग्नापासून सात वर्षांच्या आत झाला. मृत्यूच्या ‘लगतच्या आधी’ नवऱ्याने किंवा त्याच्या नातलगाने तिचा छळ केला होता. आणि तो छळ हुंड्याच्या मागणीसाठी होता. पहिल्या दोन गोष्टी कागदावरच दिसतात. खटले पडतात ते शेवटच्या दोन गोष्टींवर.

आणखी एक मुद्दा सामान्य माणसाच्या लक्षात सहसा येत नाही. हुंडाबळीत तो खून होता की आत्महत्या, हे ठरवावे लागत नाही. कोणी विष पाजले असो किंवा छळाला कंटाळून तिने स्वतः घेतले असो, चारही गोष्टी सिद्ध झाल्या तर गुन्हा तोच. सारडा प्रकरणात जिथे गाडी अडली होती ती अडचण या कलमाने दूर केली. सातशे-आठशे रुपयांपासून सात-आठ कोटींपर्यंत मागणी कितीही असो, कलम त्यात फरक करत नाही. आत्महत्येस प्रवृत्त करण्याच्या गुन्ह्यासाठी जे वेगळे गृहीतक आहे (जुने ११३-अ, आता ११७), तिथे मात्र न्यायालय ‘गृहीत धरू शकते’, धरलेच पाहिजे असे नाही. आठव्या वर्षी मृत्यू झाला तर ही दोन्ही गृहीतके हाताशी राहत नाहीत, सगळे पुन्हा जुन्या रीतीने सिद्ध करावे लागते.

आता खताकडे परत यायला हवे. हुंडा म्हणजे काय, हे हुंडाबंदी कायद्याच्या दुसऱ्या कलमात सांगितले आहे. लग्नाच्या वेळी, आधी किंवा नंतर कधीही, ‘विवाहाच्या संबंधात’ दिलेली किंवा द्यायची ठरलेली मालमत्ता म्हणजे हुंडा. २००७ च्या निकालाने ‘विवाहाच्या संबंधात’ हे शब्द अगदी आवळून वाचले. लग्न ठरताना बोलणी झाली होती का, त्यातले काही राहिले होते का, असा तो विचार. ज्याने खेड्यातला संसार पाहिला आहे, त्याला हे वाचन टिकणारे नाही हे सांगावे लागत नाही. सोयरिकीत सगळे ठरते आणि फिटते. लग्नानंतरच्या मागण्यांना मात्र निमित्त लागते. कधी खत असते, कधी विहीर, कधी दिराची फी, कधी नवऱ्याच्या धंद्याचे भांडवल. ‘हुंडा द्या’ असे शब्द त्यानंतर कोणी उच्चारत नाही. मागणी सुनेकडेच का होते, याचे उत्तर एकच असते, ती त्या घरात लग्न करून आली आहे.

हेच फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले. प्रकरण पंजाबचे होते, ‘राजिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य’. लग्न १९९० मधले. वर्षभराने सासरच्यांनी घर बांधायला पैसे मागितले. बापाजवळ रोकड नव्हती, म्हणून त्याने एक म्हैस दिली. त्रास थांबला नाही. गावातल्या जाणत्या माणसांना घेऊन तो जाऊन आला. मृत्यूच्या सुमारे पंधरा दिवस आधी मुलगी माहेरी आली आणि पुन्हा पैशांची मागणी असल्याचे तिने सांगितले. बापाने सांगितले, पीक निघाले की देतो. पीक निघायच्या आत, ३१ ऑगस्ट १९९३ ला ती विषाने गेली.

बचाव पक्षाने अपेक्षेप्रमाणे खताचा निकाल पुढे केला. घर बांधण्यासाठी मागितलेला पैसा हुंडा कसा, असा त्यांचा सवाल होता. न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन यांनी लिहिलेल्या निकालाने त्याचे सरळ उत्तर दिले. लग्नानंतर कोणत्याही कारणासाठी पत्नीकडून किंवा तिच्या माहेरकडून मागितलेला पैसा किंवा वस्तू, त्या मागणीपायी तिचा मृत्यू ओढवला असेल तर, सर्वसाधारणपणे विवाहाच्या संबंधातच आहे असे समजावे, जोवर पुरावा काही वेगळे दाखवत नाही. २००७ चा निकाल कायदा बरोबर सांगत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. ‘लगतच्या आधी’ म्हणजे तासाभरापूर्वी किंवा आदल्या दिवशी असा अर्थ नाही, मागणीचा त्रास सतत चालू होता आणि मृत्यूशी त्याचा धागा तुटलेला नव्हता, एवढे पुरे, हेही त्यात आले. २०२१ मध्ये ‘सतबीर सिंग विरुद्ध हरियाणा’ या निकालाने ते पुन्हा ठासून सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात, घर बांधायला मागितलेले पैसे हुंडाच, असे न्यायालयाने पुन्हा म्हटले.

आठ वर्षांत कायदा ताळ्यावर आला. मात्र मधल्या काळात सुटलेले सुटलेलेच राहिले. औरंगाबाद जिल्ह्यातल्या त्या खटल्याचा निकालही बदललेला नाही.

कायद्याचा अर्थ आता पुरेसा स्पष्ट आहे, म्हणून आजचे खटले बहुतांशी अर्थावर पडत नाहीत. ते पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या कामावर पडतात. विवाहित स्त्रीचा सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन सक्तीचे आहे आणि चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, आपल्याकडे बहुधा तहसीलदाराने किंवा नायब तहसीलदाराने, करायची असते. पोलीस ठाण्यात आधी ‘आकस्मिक मृत्यू’ अशी नोंद होते. गुन्हा तिच्यातून निघतो किंवा ती तिथेच मिटते.

त्या दिवशी काय पाहिले जाते, याला फार महत्त्व आहे. गळफास असेल तर गळ्यावरचा वळ तिरका, वरच्या बाजूला आणि एका ठिकाणी तुटलेला असतो, गळा आवळला असेल तर तो आडवा, खालच्या बाजूला आणि पूर्ण गोल असण्याची शक्यता जास्त. भाजून मृत्यू असेल तर श्वासनलिकेत काजळी आहे का हे पाहतात, कारण ती असेल तर जाळ लागला तेव्हा श्वास चालू होता. विषाच्या प्रकरणात व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल महिनोन्‌महिने येत नाही. पंचनामा करताना बाटली, ग्लास, दोरी, साडी, मोबाइल ताब्यात घेतले नाहीत तर नंतर ते मिळत नाहीत. घर धुऊन निघते.

भाजलेल्या स्त्रीच्या बाबतीत आणखी एक कागद सगळ्यात वजनदार ठरतो, मृत्युपूर्व जबाब. अशा रुग्ण स्त्रिया वॉर्डात कधी तास, कधी काही दिवस शुद्धीत असतात. पहिल्यांदा विचारले तेव्हा बाजूला नवरा आणि सासू उभे असतात, म्हणून ती सांगते, स्टोव्हचा भडका उडाला. आईवडील येतात, सासरचे बाहेर जातात, मग ती वेगळे सांगते. दोन जबाब, दोन गोष्टी. खटला उभा राहतो तेव्हा बचाव पक्षाचा वकील पहिला जबाब पुढे करतो. म्हणून जबाब घेणाऱ्याने खोलीतून सगळ्यांना बाहेर काढणे, ती बोलण्याच्या स्थितीत आहे हे डॉक्टरकडून किंवा स्वतः पारखून घेणे आणि तिचेच शब्द उतरवून घेणे, हे सगळे नेमके करावे लागते. महाराष्ट्रातल्याच ‘लक्ष्मण’ प्रकरणात २००२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की डॉक्टरचा शेरा नसला तरी, जबाब घेणाऱ्याची ती शुद्धीवर असल्याबद्दल खात्री पटली असेल, तर जबाब ग्राह्य धरता येतो. पण ती खात्री कशी पटली, हे त्याला साक्षीत सांगता आले पाहिजे.

मग येतात माहेरचे जबाब. दुःखाच्या भरात बाप सांगतो, ‘सगळ्यांनी मिळून माझ्या लेकीला मारले.’ तो दिवस तसाच असतो, त्याला दोष देता येत नाही. पण लिहून घेणाऱ्या हवालदाराने त्याच दिवशी किंवा चार दिवसांनी विचारायला हवे, मागणी कोणी केली, कधी, किती, कशासाठी, तुम्हाला कुठे सांगितले, दिले तर कसे दिले, आणखी कोणाला माहीत आहे. हे विचारले जात नाही. ‘सर्व आरोपींनी संगनमताने वेळोवेळी पैशांची मागणी करून शारीरिक व मानसिक छळ केला’ हे एकच ठोकळेबाज वाक्य फिर्यादीत उतरते. त्यात नवरा, सासू, सासरे, दीर, जाऊ, कधी परगावी नांदणारी नणंद, तिचा नवरा, सगळे येतात.

या एका वाक्यातून दोन्ही तक्रारी जन्माला येतात. तपशील नसल्यामुळे खऱ्या आरोपीविरुद्ध चौथी गोष्ट सिद्ध होत नाही आणि गृहीतक लागूच होत नाही. उलट, ज्याचा काहीच संबंध नाही ती पुण्या-मुंबईत राहणारी नणंद वर्षानुवर्षे तारखांना हजर राहते. गैरवापर म्हणून जे सांगितले जाते त्याचा मोठा भाग असा तयार होतो. हाच मजकूर दोष सिद्ध न होण्याचेही कारण बनतो.

गैरवापर मुळात होतच नाही, असे म्हणणे मात्र खोटेपणाचे ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने तो वारंवार नोंदवला आहे. जुलै २०१४ च्या ‘अर्नेश कुमार’ निकालात २०१२ चे अधिकृत आकडे दिले आहेत. ४९८-अ खाली त्या वर्षी १,९७,७६२ जणांना अटक झाली. त्यांतल्या जवळजवळ एक चतुर्थांश स्त्रिया होत्या, म्हणजे बहुधा सासवा आणि नणंदा. दोषारोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ९३.६ टक्के आणि शिक्षेचे फक्त १५ टक्के. न्यायालयाने तेव्हा बजावले की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात केवळ तक्रार आली म्हणून अटक करायची नाही. आधी नोटीस, अटकेची गरज का आहे याची लेखी कारणे, आणि दंडाधिकाऱ्यानेही ती कारणे तपासून मगच कोठडी द्यायची. हा निकाल योग्य होता. तो ४९८-अ विरुद्ध नव्हता, पोलिसांच्या सवयीविरुद्ध होता.

पुढचे पाऊल मात्र वाट चुकले. जुलै २०१७ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की तक्रार आधी जिल्ह्यातल्या ‘कुटुंब कल्याण समिती’कडे जावी आणि तिचा अहवाल येईपर्यंत अटक नको. सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींनी त्या समित्या रद्द केल्या, कारण कायद्यात नसलेली संस्था न्यायालयाने निर्माण करणे बरोबर नाही. जुलै २०२५ मध्ये पुन्हा एका घटस्फोटाच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाची अशाच समित्यांची आणि दोन महिन्यांच्या ‘थांबण्याच्या’ काळाची योजना सर्वोच्च न्यायालयाने अमलात ठेवायला सांगितली. मार खाऊन पोलीस ठाण्यात आलेल्या बाईला दोन महिने थांबायला सांगणे कसे न्यायाचे, हा प्रश्न त्यातून पुन्हा उभा राहिला आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूमधल्या एका अभियंत्याने आत्महत्या केली, पत्नी आणि तिच्या घरच्यांनी खटल्यांतून छळल्याचा आरोप करणारी दीर्घ चिठ्ठी ठेवली. सगळ्या देशात संताप झाला. तो संताप खरा होता आणि त्या कुटुंबाचे दुःखही खरे. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या एका प्रकरणात, नातलगांना नावापुरते गोवण्याबद्दल कडक शब्द वापरले. पण कायदा उडवून लावा, ही मागणी त्यातून निघत नाही. शिक्षा झाली नाही म्हणजे तक्रार खोटी होती, असा अर्थ लावला जातो, आणि इथेच सगळा गोंधळ आहे. शिक्षा न होण्याची कारणे अनेक. साक्षीदार फिरतात. दोन्ही घरांत तडजोड होते. पोटगी आणि घटस्फोट मिळाला की बाई खटला सोडून देते, कारण तिला पुढचे आयुष्य जगायचे असते. काही वेळा पुरावा गोळाच झालेला नसतो. आणि काही तक्रारी खरोखर खोट्या असतात. हे सगळे त्या एका टक्केवारीत मिसळून जाते.

दुसऱ्या बाजूचे आकडेही समोर ठेवावे लागतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात ६,४५० हुंडाबळींची नोंद आहे, म्हणजे रोज सतरा-अठरा. पती आणि सासरच्यांच्या क्रूरतेची प्रकरणे १,४०,०१९. ही फक्त नोंदलेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के जणींनी कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्यांतही बहुतेक जणी आधी माहेरच्यांकडे जातात, पोलिसांकडे फार थोड्या. तेव्हा खोट्या तक्रारींची भीती बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की न झालेल्या तक्रारींची रांग त्यापेक्षा कितीतरी लांब आहे.

माहेर तक्रार का करत नाही, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. लग्नाला झालेला खर्च, धाकट्या बहिणीचे राहिलेले लग्न, ‘चार माणसे बसवू’, ‘एक मूल झाले की सुरळीत होईल’. मुलगी अंगावर वळ घेऊन येते आणि पंधरा दिवसांनी तिला पुन्हा नांदायला पाठवले जाते. मे २०२५ मध्ये पुण्याजवळ मुळशी तालुक्यात एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. तिच्या माहेरच्यांनी ५१ तोळे सोने आणि महागडी मोटार दिल्याचे सांगितले, शिवाय पुढच्या मागण्या चालूच असल्याचा आरोप केला. त्याच घरातल्या थोरल्या सुनेने काही महिने आधी तक्रार केली होती, हेही नंतर समोर आले. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा न्यायालयात होईल. पण माहेरची ऐपत मोठी असली तरी मुलगी सुरक्षित राहतेच असे नाही, हे साऱ्या राज्याने पाहिले.

आणि माहेरच्या याच तडजोडीचा खटल्यात उलटा उपयोग होतो. ‘इतका छळ होता, तर तेव्हा तक्रार का केली नाही? उलट तुम्हीच तिला नांदायला पाठवली ना?’ उलटतपासणीतला हा प्रश्न आई-बापाला उभा जाळतो. मुलगी जगावी म्हणून केलेला समेट मृत्यूनंतर छळ नसल्याचा पुरावा बनतो. न्यायालये आता हे सरसकट मान्य करत नाहीत, पण सिद्ध करायचे ओझे मात्र माहेरवरच राहते.

म्हणून मुलीच्या आई-बापाने आणि भावाने काही गोष्टी वेळेवर करायला हव्यात. लग्नात वधू-वरांना दिलेल्या वस्तूंची, त्यांच्या अंदाजे किमतीची आणि देणाऱ्याच्या नात्याची लेखी, सह्या केलेली यादी ठेवायची, असा १९८५ चा नियम आहे. दागिने आणि वस्तू परत मिळवायला ती यादीच कामी येते, पण ती करणारी घरे क्वचितच भेटतात. लग्नानंतर मागणी झाली तर पैसे रोख न देता खात्यातून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. मुलीचे संदेश, आवाजाच्या नोंदी फोन बदलताना पुसू नयेत. दवाखान्यात जावे लागले तर कारण खरे सांगावे, ‘पडले’ असे नको, कारण तोच कागद वर्षांनी बोलतो. गुन्हा घडला त्या गावीच तक्रार करायला हवी असेही नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे की छळामुळे माहेरी येऊन राहिलेली स्त्री माहेरच्या पोलीस ठाण्यातही फिर्याद देऊ शकते. हुंडा देणे हाही गुन्हा आहे, त्यामुळे तक्रार केली तर आपणच अडकू, ही भीती अनेक माहेरांना असते. पण पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबामुळे तिच्यावर त्याच कायद्याखाली खटला चालवता येणार नाही, अशी तरतूद हुंडाबंदी कायद्यातच आहे.

फिर्याद लिहून होईल तेव्हा ती वाचून पाहा. जो परगावी आहे, ज्याने काही केले नाही, त्याचे नाव त्यात असेल तर काढायला लावा. जे घडले त्याची तारीख, वस्तू, रक्कम आणि तोंडचे शब्द राहिले असतील तर लिहून घ्यायला सांगा. सहीपूर्वी फिर्याद वाचून दाखवण्याची आणि तिची प्रत विनामूल्य मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि पोलीस ठाण्यातून निघण्याआधी ती प्रत मागून घ्या.